बहात्तरच्या दुष्काळाची एक मुलाखत: ट्रान्सक्रिप्टमधले शब्द खोडताना आवाजाचं काय झालं

हे प्रकरण एका ध्वनिमालिकेतल्या एका भागाचं आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आम्ही माणदेशातल्या वयस्कर माणसांकडून रेकॉर्ड करत होतो. या भागात बोलणाऱ्या आजी सत्तरी ओलांडलेल्या आहेत. दुष्काळात त्या नव्याने लग्न होऊन आलेल्या होत्या आणि सासरच्या बायकांबरोबर कामावर खडी फोडायला जात. रेकॉर्डिंग त्यांच्या अंगणात झालं. आजींच्या पदराला एक कॉलर माइक आणि मुलाखत घेणाऱ्या ताईंना दुसरा, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. ऐकण्यासारखा निवडलेला भाग ३१ मिनिटांचा निघाला. मालिकेतल्या भागाची लांबी ठरलेली होती २५ मिनिटं. एडिटिंग माझ्याकडे होतं.

हल्ली असं काम पुष्कळ जण ट्रान्सक्रिप्टवरूनच करतात. आवाज टाकला की सॉफ्टवेअर त्याचा मजकूर करून देतं. मजकुरातला शब्द खोडला की तेवढा आवाजही जातो. डिस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने ही पद्धत पॉडकास्टवाल्यांमध्ये रुळवली, आणि २०२३ मध्ये प्रीमियर प्रोमध्येही ती आली. सोबत एक बटण मिळतं: सगळे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘आपलं’ शोधा आणि एकदम काढून टाका. इंग्रजीसाठी ते तयार यादीवर चालतं, मराठीसाठी यादी आपणच भरायची. आजींच्या मुलाखतीवर ते सरसकट चालवलं तर काय होतं, हे आम्हाला नीट पाहायचं होतं. म्हणून याच भागाच्या तीन आवृत्त्या मुद्दाम केल्या: एक न कापलेली, एक यादीने सगळे फिलर, म्हणजे असे भरीचे शब्द, काढलेली आणि एक कानाने, जागा पाहून कापलेली. पुढचं लिखाण या तिघींच्या तुलनेवर आहे.

शब्द खोडतो, तेव्हा कापला जातो वेळ

पडद्यावर शब्द दिसतात म्हणून आपण शब्द काढतोय असं वाटत राहतं. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाला सुरुवातीची आणि शेवटाची वेळ चिकटवलेली असते, आणि शब्द खोडला की त्या दोन वेळांमधला आवाज वगळला जातो. मूळ फाइलला धक्का लागत नाही. इथून इथपर्यंत वाजव, मग तिथून पुढे वाजव, अशी यादी तेवढी तयार होते. म्हणजे कट चांगला की वाईट हे त्या दोन आकड्यांवर ठरतं, आणि आकडे यंत्राने अंदाजाने लावलेले असतात.

रेडिओत पूर्वी हेच काम कागदावर होत असे. मुलाखत टाइप करायची, पेन्सिलने ओळी खोडायच्या, मग टेप मशीनवर हाताने पुढेमागे फिरवून जागा शोधायची आणि ब्लेडने कापायची. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल तर पाव सेकंदाचा ‘अं’ जेमतेम पावणेपाच सेंटिमीटरचा तुकडा होतो. जोड तिरपा कापत, त्यामुळे एक आवाज संपताना दुसरा सुरू होई. पाव इंची टेपवर ४५ अंशांचा तिरका काप घेतला तर हा संधिकाळ साधारण ३३ मिलिसेकंदांचा पडतो. आजच्या सॉफ्टवेअरमधला क्रॉसफेड म्हणजे हाच तिरका काप. फरक एवढाच, की तेव्हा कापणाऱ्याला ती जागा कानाने ऐकल्याशिवाय सापडतच नसे. आता ती न ऐकताही कापता येते.

यंत्राने न लिहिलेला ‘अं’

पहिली अडचण ट्रान्सक्रिप्टमध्येच निघाली. आवाजाचा मजकूर करायला आम्ही व्हिस्पर वापरलं होतं. हे मॉडेल बहुतांशी इंटरनेटवरच्या आवाजावर आणि त्याच्या साफ केलेल्या मजकुरावर शिकलेलं आहे. सबटायटल लिहिणारा माणूस ‘अं’ लिहीत नाही, त्यामुळे हेही पुष्कळदा लिहीत नाही. शिवाय आजींची बोली ते गुपचूप प्रमाण मराठीत आणतं. आजी म्हणाल्या होत्या: “मंग… अं… म्हंजी आमी सगळ्या बाया खडी फोडाय.” पडद्यावर आलं ते असं:

```
मग        41.20  41.71
आम्ही      41.71  43.06
सगळ्या     43.06  43.44
बायका      43.44  43.80
खडी       43.86  44.15
फोडायला    44.15  44.71
```

वाचायला वाक्य एकदम स्वच्छ. फिलर शोधणाऱ्या यादीला इथे काहीच सापडणार नाही. पण ‘आम्ही’ हा दोन अक्षरांचा शब्द १.३५ सेकंद चाललेला दिसतो, आणि तिथेच चोरी पकडली जाते. मधला ‘अं’, त्याच्या आजूबाजूची शांतता आणि ‘म्हंजी’, हे सगळं यंत्राने ‘आम्ही’च्या पोटात घातलेलं आहे. उद्या कुणी हा ‘आम्ही’ खोडला तर नको तेवढं जाईल. कुणी ‘मग’ खोडला तर वाक्य ‘अं’ने सुरू होईल आणि तो कुठून आला हे मजकुरात शोधूनही सापडणार नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. शब्द कालावधीप्रमाणे लावायचे आणि दोन-तीन अक्षरांचा जो शब्द पाऊण सेकंदाच्या वर गेलाय, तो ऐकायचा. तिथे जे खरंच बोललं गेलंय ते हाताने लिहायचं, ‘अं’सकट आणि बोलीसकट. मग तो दुरुस्त मजकूर आवाजाशी पुन्हा जुळवून घ्यायचा. यासाठी वेगळी साधनं असतात, ती शब्द ओळखत नाहीत. दिलेला मजकूर आवाजात कुठे कुठे बसतो एवढंच शोधतात. ‘आम्ही’ लिहिलेलं असताना ‘आमी’ शोधायला लावलं तर जुळणीही घसरते, म्हणून बोली तशीच लिहिणं हा इथे आदराचा आणि अचूकतेचा, दोन्हींचा प्रश्न होता. पुन्हा जुळवल्यावर तीच जागा अशी झाली:

```
मंग        41.20  41.78
अं         41.93  42.31
म्हंजी      42.40  42.72
आमी       42.72  43.06
```

आता निदान काय कापायचं ते दिसत होतं.

एका कटाची तपासणी

यादीवाल्या आवृत्तीत ‘अं’ आणि ‘म्हंजी’ दोन्ही गेले. ‘मंग’चा शेवट थेट ‘आमी’च्या सुरुवातीला जोडला गेला. कागदावर “मंग आमी सगळ्या बाया खडी फोडाय” हे निर्दोष वाक्य आहे. ऐकताना मात्र तिथे ठेच लागते, आणि तिची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण जोडणीतलं. मराठीत आपण शब्द सुटे सुटे उच्चारत नाही. ‘म्हंजी’ ईकाराने संपतो आणि ‘आमी’ आकाराने सुरू होतो. वेगात बोलताना जीभ ई वरून आ कडे सरकते आणि मध्ये नकळत एक ‘य’ उमटतो. ‘म्हंजी’ची वेळ ४२.७२ ला संपते असं यंत्र सांगतं, पण तो सरकता आवाज त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सांडलेला असतो. ‘म्हंजी’ काढला की ‘आमी’ला पुढे ‘य’ची शेपटी राहते आणि ‘यामी’सारखं काहीतरी ऐकू येतं. मी कट ३० मिलिसेकंद पुढे सरकवला, तर ‘य’ गेला खरा, पण ‘आ’ची सुरुवातच बोथट झाली, जणू आजींच्या तोंडावर कुणी क्षणभर हात धरला. क्रॉसफेड लांबवला तर ‘मंग’मधला ‘ग’ आणि ‘आ’ एकमेकांत मिसळले. दोन स्वर जुळलेल्या जागी स्वच्छ कट बहुधा मिळतच नाही. प, त, क, ट अशा स्पर्श व्यंजनांनी सुरू होणारे शब्द त्या मानाने सोयीचे, कारण व्यंजन फुटण्याआधी ओठ किंवा जीभ क्षणभर हवा अडवून धरतात आणि तिथे छोटीशी शांतता असते. पण ही शांतता त्या व्यंजनाचाच भाग आहे. ती रिकामी जागा समजून कापून टाकली तर ‘खडी’चा ‘ख’ टिचकीसारखा वाजतो.

दुसरं कारण लयीतलं, आणि तेच मला जास्त मोठं वाटतं. माणूस अडखळणार असतो तेव्हा त्याच्या आधीचा शब्दच लांबतो. आजींचा नेहमीचा ‘मंग’ पाव सेकंदात संपतो. इथे तो ०.५८ सेकंदांचा आहे, सुरातही वर न जाता सपाट राहिलाय. ऐकणाऱ्याला त्यावरून कळलेलं असतं की आता थोडं थांबायचंय. आणि पुढे थांबणं येतच नाही, ‘आमी’ अंगावर येऊन आदळतो. फिलर काढला, पण फिलरची चाहूल मागे राहिली. मजकुरात ही चाहूल दिसण्याचा मार्गच नाही. तिथे लांब ‘मंग’ आणि आखूड ‘मंग’ सारखाच लिहितात.

शेवटी आम्ही इथे फक्त ‘अं’ काढला. त्याच्या मागची ०.१५ आणि पुढची ०.०९ सेकंदांची शांतता ठेवली, आणि ‘म्हंजी’ला हात लावला नाही. लांबलेला ‘मंग’, पाव सेकंदाचा थांबा, मग ‘म्हंजी आमी’. हा कट तुम्हाला दाखवून दिला तरच सापडेल. हा ‘अं’ काढायला हरकत नव्हती, कारण तो मुलाखतीच्या सुरुवातीचा होता. माइक लावलेला, समोर अनोळखी ताई, कुठून सुरू करावं ते सुचत नाही, अशा अवघडलेपणाचा तो ‘अं’ होता. आठवणीशी त्याचा संबंध नव्हता.

‘ना’ आणि ‘म्हंजी’ यादीत टाकल्यावर

इंग्रजीतल्या ‘अं’सारख्या आवाजांचं एक सोपं असतं, की ते बहुतेक वेळा दुसरं काही नसतात. मराठीतले आपले भरीचे शब्द मात्र दिवसभर इतर कामंही करतात. म्हणून शोधून सगळे काढा हा प्रकार मराठीत फार धोक्याचा आहे. आजींच्या मुलाखतीत त्याची दोन उदाहरणं अशी निघाली की ती ऐकल्यावर ‘ना’ आणि ‘म्हंजी’ आम्ही यादीतून कायमचे बाहेर काढले.

आजी एका जागी म्हणतात, “पाणी न्हवतं ना बाई, दोन कोस जावं लागायचं.” हा ‘ना’ ताईंना उद्देशून आहे, तुलाही ठाऊक आहे, नाही का, असं त्यात आहे. तो काढला तर माहिती तीच राहते, पण आजी कुणाशी बोलतायत हे पुसट होतं. इथपर्यंत कुणी म्हणेल की चालतं. पण पुढच्याच मिनिटाला त्या म्हणतात, “घरात ना दाना ना पानी.” यादीने दोन्ही ‘ना’ उचलले आणि आवाजात उरलं: “घरात दाना पानी.” अर्थ बरोबर उलटा. जोडही इतका साफ बसला होता की नुसतं ऐकून शंका येऊ नये. दुष्काळावरच्या भागात घरात दाणापाणी असल्याचं वाक्य आजींच्या स्वतःच्या आवाजात तयार झालं होतं.

‘म्हंजी’चं तसंच. तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळे, तिला लोक मिलो म्हणत. ताईंना तो शब्द नवीन होता, म्हणून आजींनी सांगितलं, “मिलो म्हंजी लाल जुंधळा, अमेरिकेचा.” यादीवाल्या आवृत्तीत हे “मिलो लाल जुंधळा अमेरिकेचा” असं झालं. ज्याला मिलो माहीत आहे त्याला कळेल. विशीतल्या श्रोत्याला ती तीन धान्यांची यादी वाटू शकते. आजी इथे अडखळत नव्हत्या, व्याख्या देत होत्या. तो ‘म्हंजी’ वाक्याचा कणा होता.

हे दोन्ही कट पकडले गेले ते मजकूर वाचताना. ऐकताना नाही. म्हणून कान आणि डोळे दोन्ही लागतात, फक्त एकाच वेळी नको. मजकूर समोर ठेवून ऐकलं की डोळा कानाला फसवतो. लिहिलेलं स्वच्छ दिसतं म्हणून ऐकूही स्वच्छ येतं. आम्ही आधी नुसता मजकूर वाचला, मग स्क्रीन बंद करून नुसता आवाज ऐकला. तोही नेहमीच्या वेगाने. दीडपट वेगाने ऐकणाऱ्याला तंग झालेले थांबे जाणवतच नाहीत.

रोजाचा प्रश्न

या मुलाखतीतली सगळ्यात महत्त्वाची जागा पन्नास शब्दांचीही नाही. ताईंनी विचारलं, “रोज किती मिळायचा आजी?” त्यावर १.४ सेकंद काहीच नाही. मग आजी म्हणाल्या: “आता… काय की… अं… दीड… दोन रुपय आसल. ह्यास्नी म्हाईत हुतं.” ‘ह्यास्नी’ म्हणजे त्यांचे यजमान. ते आता नाहीत.

यादीवाल्या आवृत्तीत सुरुवातीची शांतता आखडून पाव सेकंदावर आली, कारण ‘लांब थांबे कमी करा’ ही सोय त्याच बटणाच्या शेजारी असते. ‘आता’, ‘काय की’ आणि ‘अं’ गेले. ‘दीड’ हा अर्धवट सोडलेला शब्द म्हणून गेला. उरलं: “दोन रुपय आसल. ह्यास्नी म्हाईत हुतं.” आणि कुणी अजून एक पाऊल पुढे जाऊन भाग आटोपशीर करायला शेवटचं वाक्य वगळलं, तर “रोज किती मिळायचा?” “दोन रुपय आसल.” असा झटपट सवालजवाब होतो.

इथे एकही शब्द आजींच्या तोंडी घातलेला नाही. तरी आजी जे म्हणाल्या ते हे नाही. त्या म्हणाल्या होत्या की मला नक्की आठवत नाही, दीड आणि दोनच्या मध्ये काहीतरी असावं, आणि ज्याला आठवलं असतं तो माणूस आता नाही. ‘आसल’ मागे राहिला हे खरं, पण पाव सेकंदात दिलेल्या उत्तरातला ‘असेल’ आपण बोलण्याची लकब म्हणून सोडून देतो. दीड सेकंद गप्प राहून दिलेल्या उत्तरातला ‘असेल’ आपण खरा मानतो.

हा केवळ माझा कान नाही. सुझन ब्रेनन आणि मॉरिस विल्यम्स या संशोधकांनी १९९५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांवर नेमकं हे तपासलं होतं. सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांची रेकॉर्ड केलेली उत्तरं लोकांना ऐकवली आणि उत्तर देणाऱ्याला ते खरंच माहीत असेल असं वाटतं का, हे विचारलं. उत्तर देण्याआधीचा थांबा जितका लांब, तितका ऐकणाऱ्यांचा विश्वास कमी. आणि थांब्यात ‘अं’ असेल तर नुसत्या शांततेपेक्षाही कमी. त्याआधी १९९३ मध्ये स्मिथ आणि क्लार्क यांनी दाखवलं होतं की बोलणारेही खरोखर तसंच करतात, खात्री कमी असली की जास्त थांबतात आणि जास्त अडखळतात. म्हणजे बोलणारा ही खूण देतो आणि ऐकणारा ती वाचतो. आपण मध्ये बसून ती पुसली, तर श्रोत्याला आजींची खात्री प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटणार.

मौखिक इतिहासात याचं वजन फार आहे. उद्या कुणी विद्यार्थी हा भाग ऐकून लिहील की दुष्काळी कामावर रोज दोन रुपये होता, एका मजूर बाईने स्वतः सांगितलं. रोज किती होता हे सरकारी कागदांतून शोधावं लागेल, ते आजींच्या वाक्यावर टाकणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांच्या बोलण्यातून कळतं ते वेगळंच, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे: नव्याने लग्न होऊन आलेली मुलगी दिवसभर खडी फोडत होती आणि हिशेब नवऱ्याकडे होता. हे कळतं ते ‘काय की’मधून आणि ‘ह्यास्नी म्हाईत हुतं’मधून.

ही जागा आम्ही जशीच्या तशी ठेवली. १.४ सेकंदांच्या थांब्याला हात लावला नाही. त्या थांब्यात मागे कोंबडीचा आवाज येतो, तोही राहिला.

मग वेळ कमी कसा केला

यादीने निवडलेल्या ३१ मिनिटांतून अशा जागा अडीचशेच्या घरात काढल्या आणि वेळ वाचला सव्वादोन मिनिटं. आम्हाला सहा मिनिटं कमी करायची होती. म्हणजे आजींचं बोलणं इतकं विस्कटूनही निम्मं काम झालं नव्हतं. फिलर काढून लांबी कमी होते हा समज मी पुष्कळांकडून ऐकतो आणि मला तो पटत नाही. लांबी कमी करायची तर एखादी अख्खी गोष्ट काढावी. आम्ही गावच्या जत्रेबद्दलचा भाग पूर्ण वगळला, पाच मिनिटांच्या वर वेळ तिथेच सुटला, आणि राहिलेला भाग आजींच्या चालीने चालत राहिला.

हाताने कापलेल्या आवृत्तीत शेवटी साठ-सत्तर जागाच कापल्या. कुठल्या, याचा ढोबळ अंदाज असा. सुरुवातीच्या काही मिनिटांतले, माइकच्या अवघडलेपणाचे ‘अं’ गेले. ट्रॅक्टर जाईपर्यंत आजी थांबल्या होत्या तो थांबा आखडला, कारण तो आठवणीचा नव्हता. एकच वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं आणि दुसऱ्यांदा तेच शब्द आले, तिथे पहिली सुरुवात काढली. शब्द बदलले असतील तर नाही काढली. “आमी तिगी… न्हाय, चौगी हुतो” यात सुधारणा आहे, ती ठेवायची. ताईंचे ‘हं’, ‘हो का’ त्यांच्या ट्रॅकवर बरेच बंद केले, पण आजींच्या माइकमध्ये ते हलके ऐकू येतच होते. जिथे आजी त्या ‘हं’ला उत्तर म्हणून पुढे बोलतात, तिथे तो परत चालू केला. नाहीतर आजी स्वतःशीच बोलतायत असं वाटे.

श्वासांचं वेगळं सांगायला हवं. आजींना दम लागतो, आणि ‘अं’च्या आधी किंवा नंतर बहुतेक वेळा श्वास असतो. ‘अं’ काढताना सॉफ्टवेअर अर्धा श्वास घेऊन जातं आणि अर्धा ठेवतं. तो अर्धा श्वास हुंदक्यासारखा ऐकू येतो, आणि दुष्काळाच्या गोष्टीत तो तसाच समजला जाईल. रडत नसलेल्या माणसाला कटने रडवणं, यापेक्षा वाईट एडिट मला सुचत नाही. म्हणून श्वास एक तर पूर्ण ठेवला, किंवा पूर्ण काढून तिथे तेवढ्याच लांबीचा अंगणाचा आवाज टाकला. हा आवाज ताईंनी निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रेकॉर्ड करून आणला होता. अंगणात पंख्यासारखी एकसारखी गुणगुण नसते. कोंबड्या, लांबची मोटर, वाऱ्यात हलणारा पत्रा, असं सारखं बदलत असतं. बोलण्यातल्या कटला १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो, पण बोलण्यामधल्या रिकाम्या जागेत तो ८०-१०० मिलिसेकंदांपर्यंत न्यावा लागला, नाहीतर कोंबडी मध्येच गायब होते. हे इअरफोनवर लगेच कळतं, फोनच्या स्पीकरवर कळत नाही. आणि बरेच श्रोते इअरफोनवालेच असतात.

तिन्ही आवृत्त्या आम्ही आजींच्या नातीला ऐकवल्या, कोणती कशी केली ते न सांगता. यादीवाली ऐकताना तिने विचारलं, “आजीला कुठं जायची घाई हुती का?” तिला एकही कट दाखवता आला नाही. ‘काहीतरी कापलंय’ असंही ती म्हणाली नाही. तिला फक्त तिची आजी वेगळ्या स्वभावाची वाटली. एवढे कट तांत्रिकदृष्ट्या चांगले बसले तरी काय बिघडू शकतं, याचं यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

आजींना काय हवं, हेही विचारलं. त्यांनी एकच सांगितलं, खोकला काढा. सगळा खोकला काढला, अगदी जिथे जोड थोडा जाणवतो तिथेही.

दोन जागा आम्हाला सुटल्या नाहीत. एकीकडे आजी आणि ताई एकाच वेळी हसतात आणि त्यातच एक ‘मंग’ अडकलाय. दुसरीकडे ‘म्हंजी आता आमी’ हे तिन्ही शब्द एका श्वासात इतके चिकटलेत की कुठेही कापलं तरी ‘य’ ऐकू येतो. दोन्ही तशाच राहू दिल्या.

भागासोबत जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्याचा नियम थोडा सैल ठेवला. वाचणाऱ्याला प्रत्येक ‘अं’ लागत नाही, म्हणून ते तिथे नाहीत. पण आकडे, वर्षं, नावं आणि अंतरं यांच्या आसपासचं सगळं अडखळणं मजकुरातही आहे, कारण लोक उद्धृत करतात ते मजकुरातून. मूळ फाइल, हाताने दुरुस्त केलेला पूर्ण ट्रान्सक्रिप्ट आणि कापलेल्या जागांची यादी, तिन्ही एकत्र जपून ठेवल्या आहेत, म्हणजे पुढे कुणाला २५ मिनिटांत नेमकं काय नाही ते पाहायचं असेल तर पाहता येईल.